दादांचा फीडर, माझा कंप्यूटर

आमच्या घरची लाईट आमचेच वडील घालवायचे, हे मी कॉलेजात कुणालाही सांगितलं नव्हतं. वडील, म्हणजे दादा, सबस्टेशनमध्ये ऑपरेटर होते. वरून फोन आला की रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, पॅनेलपुढे जायचं आणि येडगावच्या बाजूचा फीडर बंद करायचा, हे त्यांचं काम. त्या फीडरवर सात-आठ गावं, नदीकाठच्या पाण्याच्या सगळ्या मोटारी, पिठाच्या गिरण्या आणि माझा कंप्यूटर. वेळापत्रकातल्या लोडशेडिंगबद्दल माझी तक्रार नव्हती. तेवढ्या वेळा सांभाळून मी बसायचे. पण मधूनच इमर्जन्सी यायची, म्हणजे अचानक बंद करण्याचा हुकूम, आणि तिला वेळापत्रक नसायचं.

मी तेव्हा जुन्नरला बी.सी.एस.च्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्ट होता दवाखान्यातल्या केसपेपरची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या मार्कांवर वर्ष पास व्हायचं की नापास, ते ठरणार होतं. कंप्यूटर आळेफाट्याच्या दुकानातून जोडून आणलेला. सोबत यूपीएसही घेतला होता, पण त्याची बॅटरी पहिल्याच उन्हाळ्यात बसली. दुकानदार म्हणाला, तुमच्याकडची लाईटच तशी आहे. म्हणजे दोष पुन्हा आमच्याच घरचा!

तर मी टाईप करत असायचे आणि खट्. पडदा काळा. आतला पंखा हळूहळू थांबल्याचा आवाज यायचा आणि माझं डोकं फिरायचं. तिथे पॅनेलपुढे कोण उभं आहे हे मला पक्कं ठाऊक असायचं. परक्या माणसाला शिव्या तरी देता येतात.

"दादा, घरात फोन आहे. दोन मिनिटं आधी नुसतं 'बंद कर' म्हणा, एवढं पण होत नाही तुमच्याच्यानं?"

"घरला फोन केला तर सगळ्या फीडरला करावा लागंल. गिरणीवाल्यानं काय घोडं मारलंय?"

"गिरणीला काही होत नाही. कंप्यूटरला होतं."

"काय व्हतं? मोटार रोज दहादा बंद पडती. ती चालतीच की."

हा माणूस तीस वर्षं विजेत काढलेला, आणि मोटारीचं उदाहरण देत होता. मी त्यांना त्यांच्याच भाषेत पकडलं. म्हटलं, आयसोलेटरचा खटका लोडवर, म्हणजे करंट चालू असताना, ओढला तर काय होतं? ते लगेच ताठ बसले. हा त्यांचा धर्मच होता. "न्हाई ओढायचा! जाळ व्हतो. आधी ब्रेकर काढायचा, करंट थांबवायचा, मगच आयसोलेटर."

"मग कंप्यूटरचं शटडाऊन म्हणजे ब्रेकर. उघड्या फायली तो आधी मिटून घेतो, लिहायचं राहिलेलं लिहून टाकतो, आणि मग बंद होतो. तुम्ही माझा आयसोलेटर लोडवर ओढता. रोज."

दादांनी कंप्यूटरकडे एकदा नीट बघून घेतलं. मला फार बरं वाटलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजी आत जाळ व्हतो?"

"जाळ नाही होत. लिहिता लिहिता लाईट गेली तर ती फाईल अर्धवट राहते, बिघडते. मशीन एकदोनदा बंद पडून मरत नाही. पण हार्डडिस्कचं लिहिणारं टोक प्रत्येक वेळी झटक्यात मागं जातं. हे सारखं सारखं होणं तिला चांगलं नाही."

"आन् लाईट परत येताना?"

"तेव्हा येणारा झटका जास्त वाईट."

"मग लाईट गेल्यावर भिंतीवरचं बटण बंद करून ठेवत जा. तेवढं तुझ्या हातात हाय." पुन्हा माझ्याच गळ्यात!

त्यातच एकदा त्यांनी मला पकडलं. कंप्यूटर हँग झाला होता, माऊस हलत नव्हता, म्हणून मी समोरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं. दादा दारात चपला काढत होते. "आता ही कुठली लोडशेडिंग?" म्हणाले. मी सांगितलं, अडकला की दुसरा इलाज नसतो. "बरंय राव. तू केलं तर इलाज, आमी केलं तर खराबी." मला त्यांचा तो हसरा चेहरा अजिबात आवडला नाही.

प्रोजेक्ट दाखवायला तीन दिवस उरले असताना, दुपारी, इमर्जन्सी आली. मी पडद्यावरचा नवा फॉर्म जुळवत बसले होते. संध्याकाळी लाईट आल्यावर कंप्यूटर सुरू केला, तर डेटाबेस उघडेना. ही फाईल ओळखता येत नाही, म्हणे. दोनशे रुग्णांच्या नोंदी, सगळे तक्ते, सगळं त्यात. फ्लॉपीवर होती ती प्रत दोन आठवड्यांपूर्वीची.

दादा आले तेव्हा मी पाणीसुद्धा पुढे केलं नाही. जे तोंडाला आलं ते मी बोलले. तुम्हाला घरापेक्षा रजिस्टर मोठं, तुम्हाला पोरीचं वर्ष गेलेलं चालतं पण नियम मोडलेला चालत नाही. आई मध्ये पडायला आली, तिलाही बोलले. दादा खाटेच्या काठावर बसून सगळं ऐकत होते.

"चार वाजून धा मिन्टांनी काढला फीडर," ते म्हणाले. "तवाच गेलं का?"

"होय."

"माझ्यामुळंच गेलं?"

"तुमच्यामुळंच. दुसऱ्या कुणामुळं?"

सकाळी ते लवकर गेले. मला वाटलं, पहिली पाळी असेल. मी काही वाचतंय का ते बघायला कंप्यूटरपुढे बसले. सी ड्राईव्हमध्ये एक अनोळखी फाईल दिसली. मशीन नीट बंद झालं नाही की पुढच्या वेळी ते स्वतःला तपासतं, आणि कुठल्याच फाईलला न जोडलेले तुकडे असे वेगळे गोळा करून ठेवतं. ती मी उघडली. भलत्यासलत्या चिन्हांच्या मधे माझ्या रुग्णांची नावं होती.

फाईलपुढे ती तयार झाल्याची वेळ होती. काल दुपारचे तीन चाळीस.

लाईट गेली चार दहाला. तीन चाळीसला लाईट होती. तेव्हा काय झालं, ते मला लख्ख आठवलं. नोंदी सेव्ह होताना कंप्यूटर अडकला होता आणि मी, दोन मिनिटं वाट न बघता, बटण दाबून धरलं होतं. परत सुरू झाल्यावर निळ्या पडद्यावर तपासणी चालली, तिचा निकालही न वाचता मी पुढे गेले. त्यानंतर मी डेटाबेस उघडलाच नव्हता, नुसता फॉर्म सजवत बसले होते. दादांनी फीडर काढला तेव्हा गमवायला काही उरलंच नव्हतं. मला स्वतःची इतकी चीड आली की मी कीबोर्ड ढकलून दिला. दादा आले की सांगून टाकायचं, असं ठरवलं.

ते दुपारी आले. खाकी शर्टाला इस्त्री केलेली. सबस्टेशनमधून नाही, जुन्नरहून आले होते.

"तुझ्या सरांना भेटलो," ते म्हणाले. "म्हणलं, लाईट मी घालवली. पोरीनं सगळं काम केलं व्हतं, माझ्या हातानं गेलं. ते आधी न्हाई म्हणले. मग मी हात जोडले. चार दिवस वाढवून दिलेत."

सरपंचांच्या मोटारीसाठी ज्या माणसानं फीडर बंद करणं कधी दोन मिनिटं लांबवलं नाही, तो माझ्यासाठी कॉलेजात जाऊन हात जोडून आला होता. आणि खोट्या गोष्टीसाठी! कुणी सांगितलं होतं यांना जायला? मला त्यांचाच राग आला, आणि तो राग मला सोयीचा होता हेही मला कळत होतं.

"आता बेस झालं ना?" त्यांनी विचारलं. "मशीनला तर काय झालं न्हाई?"

"मशीन चांगलं आहे, दादा."

"मग बस लिहायला."

दुसऱ्या पाळीला निघताना ते आईशी हळू आवाजात बोलले, "माझ्यापायी पोरीला लई तरास झाला." मधलं दार उघडं होतं. मला सगळं ऐकू आलं, आणि मी टाईप करत राहिले.