भट्टीच्या बाजूचा उजेड

चंदना फोटो हातात आला की आधी माणूस बघत नसे, सावली बघे. कळंब्याला घरी सासूबाई पाहुण्यांना सांगत, "आमची सून ताटात भाताची सावली कुठं पडलीया ते बघून मग जेवती." चंदनाही हसायची. हुपरीच्या पैंजणांचे कॅटलॉग करता करता ही सवय जडली होती. चांदी भोवतालचा प्रत्येक दिवा अंगावर घेते. त्यामुळे उजेड आधी ओळखावाच लागतो.

त्या दुपारी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या तिच्या फोटोच्या कामाच्या खोलीवर हुपरीची सोनल आली. आईचं, चिमणाबाईंचं, वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं होतं. गेल्या थंडीत सोनलनंच मोबाईलवर आईचा शेवटचा फोटो काढला होता. चिमणाबाई सोप्यात पाटावर बसलेल्या, शेजारी पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची.

"ही खुर्ची काढून आप्पांची लाकडी खुर्ची बसवा, ताई. माझा फोटो त्यांच्या खुर्चीशेजारीच लावा, एवढंच आई मागून गेली. खरी खुर्ची तर कवाच मोडली. आणि तेवढा तोंडावरचा पिवळेपणा काढा की."

सोनलनं वडिलांच्या, आप्पांच्या, खुर्चीचे तीन जुने फोटो पुढं ठेवले. चंदनानं ते बाजूला सारले आणि आधी आईचाच फोटो मोठा केला.

पांढरी खुर्ची कामाला आली. तिची बसणाऱ्याच्या डाव्या हाताकडची कड तांबूस दिसत होती, उजव्या हाताकडची निळसर. मोबाईल रंगात आपल्या मनाचं घालतो, हे चंदनाला ठाऊक होतं. पण तो सगळ्या फोटोला एकच रंग चढवतो. एकाच खुर्चीच्या दोन कडा दोन रंगांच्या असतील, तर उजेडच दोन होते. उजवीकडून दाराचा थंड उजेड, डावीकडून दुसरा, ऊबदार. बल्बपेक्षाही तांबडा, दोन हजार केल्विनच्या आसपासचा.

मग तिनं नाकाची सावली बघितली. ती खाली नव्हती. उजव्या गालावरून वर चढली होती.

"आईच्या डावीकडं खाली काय हाय?"

"काय न्हाय. भिंत."

चंदनानं खुर्चीचे तीन फोटो पुन्हा पुढं ओढले. पहिल्या फोटोत खुर्ची सगळ्यात स्पष्ट होती, पण उजेड उजवीकडून, सावलीतला, निळसर. तिनं फोटो आरशासारखा उलटा केला, रंग तांबूस केला आणि खुर्ची बसवून दाखवली.

सोनल लगेच म्हणाली, "ही आप्पांची न्हवं."

"का?"

"डावा हात मोडलता. आप्पांनी स्वतः चांदीची पट्टी ठोकलेली. तुमची पट्टी उजव्या हाताला गेलीया."

चंदना ओशाळली. आधी खुर्ची नीट न बघता उलटी केली होती. पैंजणांच्या जोडीत हे खपून जायचं. इथं नाही. दुसरा फोटो फ्लॅशचा, समोरून सपाट. त्यात उजेडाला दिशाच नव्हती.

उरला तिसरा. कागद पिवळा पडलेला. आधी तिनं फोटोची पांढरी किनार नमुना धरून कागदाचा पिवळेपणा काढला. जुना कागद सगळीकडं सारखा पिवळतो, सावलीतसुद्धा. सावल्या निवळल्या, पण खुर्चीची डावी बाजू तांबडीच राहिली. सावली उजवीकडं, वर मागच्या भिंतीवर. पट्टी डाव्या हाताला.

तिनं ती खुर्ची आईशेजारी ठेवली. रंगाला हात लावायची गरज पडली नाही. आईची आणि खुर्चीची, दोन्ही सावल्या एकाच कोनात मागच्या भिंतीवर चढल्या. 

"हा फोटो कुठं काढलाय?" तिनं विचारलं.

"त्याच सोप्यात. आप्पा चांदी वितळवत होते. डावीकडं जमिनीत त्यांची भट्टी होती." सोनल थांबली. "आप्पा गेले त्या वर्षी बुजवली. वर फरशी घातली. डावीकडची भिंत पण नंतरच झाली."

"आईचा फोटो काढला तवा दिवा, चूल, काय पेटवलंतं?"

"न्हाय. लाईट गेलती. म्हणून तर दारापाशी बसवली."

चंदनानं चिमणाबाईंचे डोळे मोठे केले. दोन्ही बुबुळांत डावीकडं, तळाशी, एकेक बारीक तांबडा ठिपका होता. आणि त्या कॅमेऱ्याकडं बघत नव्हत्या. ठिपका जिकडं होता, तिकडं बघून हसत होत्या.

 मग चंदनानं विचारलं, "तोंडावरचा पिवळेपणा काढू?"

सोनलनं मान हलवली. नको.

"फोटो काढताना आई म्हणालती, 'सोनल, डाव्या अंगाला ऊब लागतीया.'" ती पडद्यावरच्या खुर्चीकडं बघत म्हणाली. "मला वाटलं, ताप आलाय. मी कपाळाला हात लावून बघितला. गार होतं."