ऊर्मिलाताईंच्या नावावर दुकान

प्रसन्नला धंदा करायचा नव्हता, धंदेवाला म्हणवून घ्यायचं होतं. जर्मनीत, ड्रेस्डेनच्या चिप कारखान्यात चांगल्या नोकरीवर असलेला हा माणूस. तिथल्या आमच्या मराठी मंडळाच्या पाडव्याला त्याने भिंतीवर स्लाइड्स दाखवल्या. शहरातल्या मराठी घरांना चकली, भाजणी, गोडा मसाला घरपोच. लोगो तयार होता. माल कुठून येणार, या जागी विमानाचं चित्र होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. फुकटच्या चहावर आम्ही कशालाही वाजवतो.

ऊर्मिला श्मिट मागच्या रांगेत बसल्या होत्या. मूळच्या साताऱ्याच्या. नवरा जर्मन होता, तो वारला. त्यांनी एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये एकोणीस वर्षं काढली आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मंडळात त्यांना पोळ्या लाटायला बोलावत, समितीवर कधी घेतलं नाही.

आठवड्याने प्रसन्न त्यांच्या घरी गेला. काकू, तुम्ही फक्त तळा, बाकी सगळं मी बघतो, म्हणाला. मग हळूच मुद्द्यावर आला. गेवेर्बे, म्हणजे व्यवसायाची नोंदणी, काकूंच्या नावावर करायची. त्याच्या ब्लू कार्डासोबतच्या, म्हणजे नोकरीच्या परवान्यासोबतच्या, कागदावर स्वतंत्र व्यवसायाला मनाई लिहिली होती. आउसलँडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, परवानगीचा अर्ज करता येतो. पण तिथे योजना नीट लिहून द्यावी लागते, आणि लिहिण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं.

ऊर्मिलाताईंनी विचारलं, मसाला कोण आणणार? आई येते आहे, चार बॅगा भरून आणेल, तो म्हणाला. लेबल? पुण्यात छापलंय, इंग्रजीत.

"प्रसन्न, नाव माझं, म्हणजे इन्स्पेक्टर आला की उत्तरंही माझी. तीळ कुठले, तेल कुठलं, सगळी. तुझ्या बॅगेची उत्तरं मी देणार नाही."

तो हसला. काकू, तुम्ही फार जर्मन झालात, म्हणाला.

मे महिन्यात त्याची आई, सुधाताई, फ्रँकफर्टला उतरल्या. वय सत्तर, पहिलाच परदेश प्रवास. लेक घ्यायला गेलाच नाही, त्याला मीटिंग होती. कुणी विचारलं तर घरासाठी म्हण, एवढं शिकवून त्याने आईला पुढे केलं होतं. कस्टम्सवाल्याने बॅग उघडली. तूप आणि पेढे लगेच बाजूला गेले, कारण दुधाचे पदार्थ बाहेरून आणता येत नाहीत. खाली एकाच लोगोची मसाल्याची साठ पाकिटं. दुभाषी बाईंनी विचारल्यावर सुधाताईंनी खरं सांगितलं, मुलाचं दुकान आहे. विकायचा माल जाहीर न करता आणला म्हणून सगळा अडकला. दोन तास त्या बाकावर बसून होत्या. त्यांना ड्रेस्डेनच्या गाडीत एका अनोळखी विद्यार्थिनीने बसवून दिलं.

प्रसन्नने मंडळात सांगितलं, सिस्टीमच भारतविरोधी आहे. आईने काय सोसलं ते एका शब्दाने सांगितलं नाही. तिला खोटं बोलताच येत नाही, एवढं मात्र हसत सांगितलं.

ते ऐकून ऊर्मिलाताई दुसऱ्याच दिवशी सुधाताईंना भेटायला गेल्या. त्या बाई रडल्या नाहीत. माझ्यामुळे मुलाचं नुकसान झालं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. त्या घरातून ऊर्मिलाताई बाहेर पडल्या त्या थेट गेवेर्बेआम्टच्या, म्हणजे व्यवसाय नोंदणी कार्यालयाच्या, वेळा बघायला. नोंदणी त्यांनी स्वतःसाठी केली. मग अन्न तपासणी खात्याला कळवलं. घरच्या ओट्यावर विक्रीसाठी तळायचं तर अटी फार, म्हणून एका क्लबचं आधीच नोंदलेलं किचन शनिवारी भाड्याने घेतलं. स्वच्छतेच्या नियमांचं गेझुंडहाइट्सआम्टचं, म्हणजे आरोग्य खात्याचं, प्रमाणपत्र हॉस्पिटलच्या दिवसांपासून होतंच. डाळी आणि तांदूळ घाऊक बाजारातून आणले, मसाले आणि तीळ हँबुर्गच्या आयातदाराकडून, प्रत्येक लॉटच्या प्रयोगशाळेच्या अहवालासकट. लेबल जर्मनमध्ये, ॲलर्जीवाल्यांसाठी तीळ ठळक अक्षरात. पॅकिंगच्या कचऱ्याच्या नियमामुळे पिशव्यांचीसुद्धा नोंदणी करावी लागते, तीही केली.

भाजणीचं प्रमाण सुधाताईंनी सांगितलं. सोऱ्याला मात्र ऊर्मिलाताईंनी त्यांना हात लावू दिला नाही. पाहुण्याच्या व्हिसावर काम करता येत नाही. सुधाताई खुर्चीवर बसून कढईकडे बघत राहिल्या. तेल तापलं नाही, थांबा, एवढं सांगत.

इन्स्पेक्टर न सांगता आला. फ्रीजचं तापमान बघितलं, पावत्या बघितल्या, हात धुण्याच्या बेसिनजवळ कागदी टॉवेल ठेवा म्हणून लिहून गेला.

सुधाताई भारतात परतल्या. दिवाळीआधी मंडळाने ऊर्मिलाताईंना विक्रीसाठी टेबल दिलं. प्रसन्न आला आणि शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणाला, कन्सेप्ट माझाच होता.

ऊर्मिलाताईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आईला फोन केलास का आज?"

तो मोबाईलमध्ये बघू लागला. ऊर्मिलाताईंनी पुढच्या बाईला विचारलं, तिखट हवं की कमी तिखट.