चंपतरावांचे टमाटे फळांच्या टेबलावर गेले

नंदनवन कॉलनीतल्या चंपतराव परात्यांचं घराणं कोष्ट्यांचं, पण चंपतरावांनी माग कधी चालवला नाही. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात त्यांचं आयुष्य गिऱ्हाइकांपुढे लुगडी उलगडण्यात आणि त्यांनी ती न घेतल्यावर पुन्हा घडी करण्यात गेलं. दुकान सोडल्यावर त्यांनी गच्चीवर कुंड्या मांडल्या. त्यांची एकच इच्छा उरली होती. कॉलनीच्या हिवाळी प्रदर्शनात एकदा तरी आपल्याला कप मिळावा.

पण भाजीचा कप दरवर्षी समोरच्या भारतीताई नेत. त्यांची वांगी अशी तुकतुकीत, की परीक्षक दुसरीकडे पाहतच नसत. फळांच्या टेबलावर मात्र एक पपई आणि थोडी लिंबं, एवढीच गर्दी. यंदा चंपतरावांनी आपले लालबुंद टमाटे सरळ त्या पपईशेजारी नेऊन ठेवले.

लग्नाच्या पंगती करणारे मार्तंड आचारी भाज्यांचे परीक्षक होते. त्यांनी हरकत घेतली. फळांच्या परीक्षक नंदिनी मॅडम कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांनी टमाटा कापून सगळ्यांना दाखवला. फुलातल्या अंडाशयाची वाढ होऊन जे तयार होतं, ज्याच्या पोटात बिया असतात, ते फळ. तेव्हा टमाटा फळच, असा त्यांनी निकाल दिला. चंपतरावांना कप हातात आल्यासारखाच वाटला.

भारतीताई हे ऐकत होत्या. त्यांनी शांतपणे आपलं वांगं चिरलं, आतल्या बिया मॅडमना दाखवल्या आणि उरलेली वांगी उचलून फळांच्या टेबलावर आणली. मॅडमना नाही म्हणता येईना. मग भेंडी आली, कारली आली, दोडका आला, तिखटजाळ भिवापुरी मिरच्याही आल्या. पपईला टेबलाच्या कडेला सरकावं लागलं. भाज्यांच्या टेबलावर मेथीची जुडी, एक मुळा आणि मार्तंड आचारी एवढेच राहिले.

तरी सगळं निभावलं असतं, पण फळ न शिजवता तसंच चाखून गुण द्यायचे असा प्रदर्शनाचा नियम होता.

नंदिनी मॅडम तत्त्वाच्या पक्क्या. त्यांनी टमाटा चाखला, छान म्हणाल्या. भेंडीचा तुकडा बराच वेळ चघळला. कच्च्या वांग्यापाशी त्यांचं बोलणं थांबलं. कारल्यानंतर त्यांनी खुर्ची मागितली. आता मिरचीची पाळी होती. चंपतराव मनातून ओशाळले आणि राहू द्या म्हणाले, पण मॅडमनी मिरची चावलीच. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि लोक गूळ शोधायला धावले.

मार्तंड आचाऱ्यांनी त्यांना पाणी दिलं आणि ते समोर बसले.

"मॅडम, तुमचं खोटं नाही. पण झाडावर ते काय हाये, हे आमी पाहूनच नाही राहिलो. आमी पाहतो, ते ताटात कुठं बसते. टमाट्यात गोडी कमी, आंबटपणा जास्त. तेलात कांद्यासंगं शिजला का रश्श्याले अंग येते. मीठ-तिखटाशी त्याची सोयरीक, म्हणून तो आमच्यात भाजी."

मॅडमनी गुळाचा खडा गालात सरकवला.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "आमच्या शास्त्रात मूळ आहे, खोड आहे, पान आहे, फळ आहे. भाजी हा शब्दच नाही. तो स्वयंपाकघराचा शब्द आहे. टमाटा फळही आहे आणि भाजीही."

प्रदर्शन खाण्याच्या जिनसांचं होतं, म्हणून स्वयंपाकघराचा शब्द धरायचं ठरलं. वरात परत फिरावी तशा सगळ्या भाज्या आपल्या टेबलावर गेल्या. फळांचा कप पपईला मिळाला. भाज्या शिजवून चाखायच्या असत. मार्तंड आचाऱ्यांनी कढई चढवली, कांदा परतला आणि रस्सा करायला म्हणून हाताशी आलेले चंपतरावांचे सगळे टमाटे चिरून टाकले. कोणी बोलेपर्यंत ते विरघळून गेले होते. त्यात शिजलेल्या भारतीताईंच्या वांग्यांना कप मिळाला.

चंपतरावांनी आपली रिकामी टोपली उचलली. भारतीताईंनी त्यांच्या हातात भाजीची वाटी दिली. भाजी इतकी झकास होती, की त्यांनी आणखी एकदा मागून घेतली.

घरी त्यांच्या पत्नी अनुसयाबाई वाटच पाहत होत्या. टमाट्यांना त्या भेदरं म्हणत.

"काहून, भेदरं कुठं गेले? कप भेटला का तुमाले?"

चंपतरावांनी चप्पल काढली.

"भारतीताईले भेटला वं," ते म्हणाले. "पण चव आपली होती."