पोह्याचा चमचा

१९९८ साल. मी सत्तावन्न वर्षांचा होतो आणि तोवर मला माप शिकवायची कोणाची टाप नव्हती. शाळा तिसरीत सुटली, पण चिकलठाण्यापासून बिडकीनपर्यंतच्या लग्नांत आचारी म्हणून मलाच बोलवायचे. हजार पानांच्या वरणात मीठ मी मुठीनं टाकायचो. चाखायचो नाही. लिहून मोजणाऱ्यांची मला चीडच यायची.

त्या साली नातीला सर्दी-खोकला झाला. साडेचार वर्षांची पोर. डॉक्टरनं औषध लिहून दिलं, ते मीच मेडिकलवरून आणलं. दुकानदार बाटली पुढं सरकवत म्हणाला, "एक-एक चम्मच, तीन टाइम, चाचा." कोणता चमचा, ते तो बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. खोक्यात प्लास्टिकची एक इवलीशी टोपी होती. घरी येऊन ती मी खोक्यासकट केरात टाकली. घरात चमच्यांचा दुष्काळ नव्हता.

सुनेनं साखरेच्या डब्यातला चिमुकला चमचा घेतला. दोन दिवस पाजलं, खोकला हटेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाटली तिच्या हातातून घेतली.

"असं थेंब-थेंब पाजून खोकला जातो व्हय? चिमणीला पाणी पाजती का?"

"मामा, डॉक्टरनी एकच चमचा सांगितला," सून म्हणाली.

"मग मी काय दोन देतो? हा बी एकच हाय."

मी पोह्याचा चमचा काठोकाठ भरून पाजला. एक थेंब सांडला नाही, याचाही मला अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक, दुपारी एक. खोकला थांबला. पोर झोपली. "बघ, गुण आला," असं मी सुनेला ऐकवलंसुद्धा.

चार वाजता सून उठवायला गेली तर पोर उठेना. हात उचलला की पडायचा. डोळे किलकिले करायची, पुन्हा मिटायची. तोंड कोरडं, गाल लाल. मुलगा कारखान्यातून नुकताच आला होता. तो तिला खांद्यावर टाकून रिक्षाकडं पळाला, मागं आम्ही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं पहिलं विचारलं, "काय दिलं? कशानं दिलं?" मी म्हणालो, चमच्यानं. त्या खेकसल्या, "कोणत्या? तो चमचा आणा. बाटलीपण आणा." मुलगा जाऊन दोन्ही चमचे आणि बाटली घेऊन आला. तोवर पोरीला सलाईन लावलं होतं आणि सून तिच्या पायाशी बसून एकटक छातीकडं बघत होती, खालीवर होते की नाही ते.

सिस्टरनं कपाटातून तसलीच प्लास्टिकची टोपी काढली. आत बारीक रेघ, पाच एम.एल.ची. मग माझ्या पोह्याच्या चमच्यात पाणी भरलं आणि टोपीत ओतलं. रेघेपर्यंत आलं, टोपी रिकामी केली. पुन्हा रेघेपर्यंत आलं. तरी चमच्यात उरलंच होतं. सुनेच्या चमच्यातलं पाणी ओतलं, ते अर्ध्या रेघेच्या जरा वर जाऊन थांबलं.

"बाबा, हिचं कमी पडत होतं, म्हणून खोकला हटला नाही," सिस्टर म्हणाली. "तुमचं दुपटीच्याही वर गेलं. या औषधानं झोप येते. गुण नव्हता तो, गुंगी होती."

"चमचा तर एकच होता," मी म्हणालो.

"एक चमचा म्हणजे घरातला चमचा नाय, बाबा! घराघरात वेगळा असतो तो. म्हणून तर टोपी देतात."

मला इतका राग आला की टोपी तिच्या हातातून घेऊन चिरडावी वाटली. दुकानदाराचा राग. "चमचा" एवढंच लिहिणाऱ्या डॉक्टरचा राग. मुलगा भिंतीला टेकून माझ्याकडं बघत होता, त्याचाही. खरं तर मी ज्याच्यावर चिडायला हवं होतं तो माझ्याच सदऱ्यात उभा होता. पण हे मला तेव्हा कळलं होतं असं म्हणालो तर खोटं होईल.

दिवेलागणीला पोरीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धोका टळला, पण सकाळपर्यंत इथंच ठेवू. सून रडली. मी "चुकलं" म्हणालो नाही. तो शब्द माझ्या तोंडातून निघतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मेडिकलचं शटर अर्धं वर गेलं तसा मी तिथं हजर. काउंटरवर पोह्याचा चमचा आपटला.

"भर पाणी. मोज."

"चाचा, क्या हुआ?"

"माझी नात मरता-मरता वाचली. मोज म्हणतो ना!"

त्यानं मोजलं आणि त्याचा चेहरा उतरला. "चाचा, टोपी तो बॉक्स में थी ना," तो हळूच म्हणाला.

"होती. मी फेकली. गाढव मी!" मी ओरडलो. "पण तू तोंडानं का नाय बोलला?"

मागं एक बाई कडेवर पोर घेऊन औषधाला उभी होती. तिची बाटली त्यानं नुसतीच पुढं सरकवली. मी ती धरून ठेवली. त्यानं खोकं उघडून टोपी काढली, पाचाच्या रेघेवर पेनानं खूण केली, आणि "ताई, इथपर्यंतच, घरातला चमचा नको" असं बाईला सांगितलं. मगच मी हात सोडला.