बसच्या सीटा आणि मोरेश्वरचं इंजिन

मोरेश्वर उंबरजे आमच्या बेसमेंटमध्ये 'फक्त पंधरा दिवसांसाठी' आला आणि आठ महिने राहिला. मला त्याचं काही नव्हतं. पोरगा भांडी घासायचा, बर्फ उपसायचा, आमच्या यशचं गणित घ्यायचा आणि माझ्या भाजीला कधी नाव ठेवायचा नाही. पण नोकरीचा विषय निघाला की माझं डोकं फिरवायचा.

सोलापूरचा मुलगा. इथे ॲन आर्बरला येऊन मेकॅनिकलमध्ये मास्टर्स केलं, २००२च्या एप्रिलमध्ये पदवी हातात पडली. त्याला काम करायचं होतं ते फक्त इंजिनांवर. जेवताना चमचा हातात धरून पिस्टन कसा वरखाली होतो ते दाखवायचा, आमटी टेबलक्लॉथवर. "काकू, इंजिन ऐकून मी सांगू शकतो आत काय बिघडलंय," असं म्हणायचा, आणि सांगायचाही. आमच्या गाडीचा पट्टा तुटायच्या आधी आठवडाभर त्याने आम्हाला बजावलं होतं. आम्ही ऐकलं नाही तो भाग वेगळा.

आता त्याने करून ठेवलेला घोळ सांगते. शिक्षण संपलं की या मुलांना एक वर्ष काम करायची परवानगी मिळते, त्याचं कार्ड येतं. ते वर्ष कधीपासून धरायचं ती तारीख मुलांनीच मागायची असते. शहाणी मुलं नोकरीचा अंदाज घेऊन जरा पुढची तारीख मागतात. मोरेश्वरची डेट्रॉइटजवळच्या एका इंजिन टेस्टिंगच्या कंपनीत मुलाखत झाली होती, छान झाली होती, म्हणून या पठ्ठ्याने थेट एक मे मागून टाकली! आणि पंधरा दिवसांत त्या कंपनीने कळवलं की सध्या भरती बंद, संपर्कात राहा.

कार्ड काही थांबत नाही हो. तुम्ही नोकरीत असा, नाहीतर माझ्या बेसमेंटमध्ये पाय पसरून बसा, त्याचे दिवस संपत जातात. गेली चौदा वर्षं दर रविवारी माझ्याकडे पाच-सात मुलं जेवायला असतात, त्यांचे कागदपत्रांचे गोंधळ ऐकून मी अर्धी वकील झाले आहे. मी त्याला रोज सांगत होते, काहीतरी धर. एका कन्सल्टन्सीने सॉफ्टवेअरचं काम देऊ केलं, हा नाही म्हणाला. टोलिडोच्या एका पंपवाल्यांनी बोलावलं, हा म्हणाला पंप म्हणजे इंजिन नव्हे. मला असा संताप आला की त्या दिवशी मी नुसता वरणभात केला.

जानेवारीत इंडियानातल्या एका कारखान्याचं पत्र आलं. ते शाळेच्या बसच्या सीटा बनवायचे. बस नाही, बसचं इंजिन तर नाहीच, नुसत्या सीटा! त्या तपासायला क्वालिटी इंजिनियर हवा होता. आणि ते व्हिसाचा अर्जही करायला तयार होते. शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलं होतं.

बुधवारी जेवताना मी विषय काढला. "मोरेश्वर, कार्ड संपायला साडेतीन महिने राहिलेत. त्यांच्या वकिलाला कागद करायला वेळ लागतो. हो म्हण आणि मोकळा हो."

"सीटा, काकू?" तो इतका केविलवाणा दिसला की मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

तेवढ्यात आमचे हे बोलले. दिगंबर म्हणजे मुळात मितभाषी माणूस. विद्यापीठाच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मशिनं सांभाळतात, घरी येऊन पेपर वाचतात, झालं. पण त्या दिवशी ते म्हणाले, "तू थांब. घाई करू नकोस."

"अहो, थांब काय थांब? एप्रिलअखेर त्याला बॅग भरावी लागेल!"

"मी सहा महिन्यांसाठी म्हणून त्या लॅबमध्ये शिरलो होतो," ते मोरेश्वरला म्हणाले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मलाही संशोधन करायचं होतं. पंधरा वर्षं झाली, मी दुसऱ्यांच्या संशोधनाची मशिनं पुसतोय. माणूस एकदा शिरला की शिरला."

मला हे आधी त्यांनी असं कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण मी मूग गिळून बसणारी बाई नाही. मी म्हटलं, "तुमचं दुःख मला कळतंय, पण त्याचं कार्ड तुमच्या दुःखासाठी थांबणार नाही. हा सोलापूरला परत गेला तर ते डेट्रॉइटवाले तिथे फोन करणार आहेत का? इथे राहिला तर इंजिनापासून अडीच तासांवर राहील. सीटा तपासता तपासता अर्ज करेल. नोकरी म्हणजे लग्न नाही!"

यश म्हणाला, "Dad, she's right." मी त्याला एक जास्तीची पुरणपोळी वाढली.

मोरेश्वर रात्रभर काय विचार करत होता देव जाणे, सकाळी वर आला आणि म्हणाला, "जातो. पण काका, दोन वर्षं. फार तर अडीच. त्यानंतर मी तिथे दिसलो तर कान धरून बाहेर काढा." यांनी मान हलवली, तीही नाइलाजाने.

मग फोन लावला, आणि मी शेजारी उभी असताना त्या कारखान्याच्या मॅनेजरला, डेव्हला, हा बाबा काय म्हणाला? नोकरी स्वीकारतो, पण मला इंजिनावर काम करायचंय, तिकडून बोलावणं आलं की मी जाणार! मी कपाळावर हात मारला. सोलापूरचा खरेपणा इंडियानात चालतो का? पण डेव्ह मोठ्याने हसला. म्हणाला, जाशील तेव्हा दोन आठवडे आधी सांग, तोवर सीटा नीट बघ.

पहिले तीन-चार महिने रविवारी फोन आला की नुसतं रडगाणं. गाव एवढंसं, दुपारी चारनंतर रस्त्यावर कुत्रं नाही, सगळीकडे फोमचा वास. मग हळूहळू सूर बदलला. "काकू, एका सीटच्या मागे दोन पोरं बसतात. बस धडकली तर ती पुढच्या सीटवर आपटणार. म्हणजे ती सीट वाकली पाहिजे, पण तुटता कामा नये." मग एका सोमवारी त्याच्या चाचणीत सीटांच्या लोखंडी सांगाड्याचे सांधे तडकायला लागले. सगळे म्हणाले, वेल्डिंग करणाऱ्याचा हात बिघडला. याने तीन दिवस त्या माणसाशेजारी उभं राहून शोधलं की हात बरोबर होता, सांगाडा धरून ठेवणारा साचाच झिजला होता. तेव्हापासून तो वेल्डर, वय असेल साठ, याला दर शुक्रवारी घरी भाजलेला ॲपल पाय आणून द्यायला लागला. मला इतका अभिमान वाटला की मी ही गोष्ट महाराष्ट्र मंडळात चार जणींना ऐकवली, एकीला दोनदा.

बघता बघता २००५चा ऑगस्ट आला. मोरेश्वर एका रविवारी आला तो वजन वाढवून, स्वतःच्या गाडीतून, माझ्यासाठी तुळशीचं रोप घेऊन. जेवण झालं, आणि सहज सांगावं तसं म्हणाला, "त्या डेट्रॉइटवाल्यांचा फोन आला होता. टेस्टिंगला माणूस हवाय. कारखान्यात दोन-अडीच वर्षं काय तुटतं आणि का तुटतं हे पाहिलेला माणूस त्यांना पाहिजे म्हणे. मी नाही म्हटलं."

"नाही?" मी.

"काकू, डेव्ह माझ्या ग्रीन कार्डचं काम सुरू करतोय. बदललं तर ते सगळं पहिल्यापासून. शिवाय तिथे मला सगळे ओळखतात. नव्या ठिकाणी परत शून्यापासून कोण सुरू करणार? आणि तिथे नाही जमलं तर?"

खरं सांगू? मला ते पटलं. मी म्हटलंही, "बरोबर आहे बाबा, चाललंय ते चांगलं चाललंय." मीच, जी नोकरी म्हणजे लग्न नाही म्हणून ओरडले होते!

यांनी पेपर घडी करून ठेवला. "मोरेश्वर, अडीच वर्षं झाली."

"हो काका, पण—"

"पण काय? एक्क्याण्णव साली मला तिकडे लांब पूर्वेकडच्या पार्सिपनीजवळच्या एका औषध कंपनीचं पत्र आलं होतं. संशोधनाची जागा. मला हवी होती तशीच. मी नाही म्हणून कळवलं."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. एक्क्याण्णव साली? मी याच घरात होते. मला पत्ताच नाही.

"तेव्हा माझ्याकडेही तुझ्याइतकीच चांगली कारणं होती," ते म्हणाले. "ग्रीन कार्ड चालू होतं. लॅबमध्ये सगळे ओळखत होते. खरं कारण एकच होतं, मी घाबरलो. पहिली नोकरी घेतली ही माझी चूक नव्हती. तुला ते तेव्हा मी चुकीचं सांगितलं. ती सोडायची वेळ आली तेव्हा मी बसून राहिलो, ती चूक."

मोरेश्वर उठला, "उद्या सकाळपर्यंत थांबायचं कशाला, त्यांच्या फोनवर आत्ताच निरोप ठेवतो," असं काहीसं पुटपुटला आणि फोन घेऊन मागच्या पोर्चवर गेला. जाळीच्या दारातून त्याचं अडखळतं इंग्रजी ऐकू येत होतं. शुक्रवारी मी नाही म्हणालो, जागा अजून असेल तर मला यायचंय.

मी यांच्याकडे वळले. "मला का नाही सांगितलंत?"

"तू त्याच आठवड्यात पडदे लावले होतेस," ते म्हणाले. "स्वतः शिवलेले. म्हणालीस, आता कुठे हे घर वाटायला लागलंय. तुला परत कुठे हलवायचं?"

चौदा वर्षं हा माणूस माझ्या पडद्यांवर ते ओझं टाकून गप्प बसला होता. मला राग आला, आणि मायाही दाटून आली. मी त्यांचा हात धरला. "अहो, पडदे काढायला मला अर्धा तास लागला असता हो."

त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

मोरेश्वर आत आला, माझे डोळे बघून घाबरला. "काकू, रडू नका ना. डेट्रॉइट इथून जवळ आहे. नोकरी मिळाली तर दर रविवारी जेवायला येईन."

ऑक्टोबरपासून तो खरंच यायला लागला.