तक्त्यातली चौथी ओळ

ऑफिसात तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. आधीची वीस वर्षं तिनं एका शाळेच्या कचेरीत वेळापत्रकं बनवण्यात काढली होती. कुठल्या मास्तरांना सकाळचा पहिला तास झेपत नाही, चित्रकलेच्या बाईंना सलग दोन तास दिले नाहीत तर रंग वाळायच्या आत वर्ग सुटतो, प्रयोगशाळा कधी रिकामी असते, हे सगळं तिला तोंडपाठ असायचं. पुढे शाळा बंद पडली. सेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी शोधायची म्हणजे कठीणच, पण एका कंपनीला चार देशांत विखुरलेल्या माणसांच्या मीटिंगा जुळवायला कुणीतरी हवं होतं. मुलाखतीत तिनं सरळ सांगितलं, "कॉम्प्युटरचं थोडंफार येतं. पण माणसांच्या वेळा एकमेकांत बसवायचं काम मी आयुष्यभर केलंय." तेवढ्यावर तिला घेतलं.

कंपनी लिफ्टच्या देखभालीची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बनवायची. मुख्य ऑफिस पश्चिमेला. तिथे साहेब बसायचे, म्हणजे या टीमचे प्रमुख. त्यांच्या जवळच्याच एका देशात प्रोग्राम लिहिणारे दोघे भाऊ होते. तिसरं ऑफिस घड्याळबाईचं, आणि चौथ्या ठिकाणी, पार दक्षिण गोलार्धात, एक तपासनीस बाई घरून काम करायची. तयार झालेलं सॉफ्टवेअर वापरून त्यातल्या चुका काढणं हे तिचं काम. मीटिंगमध्ये ती फारसं बोलत नसे, म्हणून तिला मौनी हे नाव पडलं होतं.

घड्याळबाईच्या हाताशी मीटिंग ठरवायचं एक प्लॅनर होतं. पडद्यावर एक तक्ता उघडायचा. प्रत्येक ठिकाणाची एक आडवी ओळ आणि ओळीत चोवीस चौकोन, दिवसाच्या तासाला एक. ज्याच्या त्याच्या कामाचे तास हिरवे, कामाच्या एक तास आधीचा आणि नंतरचा चौकोन पिवळा, म्हणजे नाइलाज असेल तर चालवून घ्यायचा, आणि बाकी सगळे लाल. चारही ओळी अशा सरकवलेल्या असायच्या की एकाखाली एक आलेले चौकोन म्हणजे एकच क्षण. उभ्या रेषेत चारही हिरवे दिसले, की तिथे मीटिंग.

असा उभा पट्टा दिवसात एकच होता. साहेबांचे सकाळचे आठ, भावांचे नऊ, घड्याळबाईचे दुपारचे बारा आणि मौनीचे संध्याकाळचे पाच. साहेबांचा दिवस तिथे सुरू व्हायचा आणि मौनीचा तासाभरात संपायचा. रोजची मीटिंग साहेबांच्या आठला, हे दोन वर्षांपूर्वीच ठरून गेलं होतं.

हिवाळ्यात मात्र साहेबांकडची आणि भावांकडची घड्याळं एक तास मागे जायची. त्यांचे आठ तेव्हा घड्याळबाईच्या एक वाजता वाजायचे, कारण तिच्याकडे घड्याळाला कुणी हात लावत नसे. तिचा डबा तासभर पुढे जायचा, एवढाच तिचा तोटा. मौनीच्या ओळीत त्या दिवसांत सहाचा चौकोन मीटिंगखाली यायचा, आणि तो पिवळा असायचा. एकच तर पिवळा आहे, असं म्हणून घड्याळबाई तक्ता बंद करायची.

त्या वर्षी हिवाळा लागला आणि मौनीचं मौन सगळ्यांना खुपायला लागलं. कॅमेरा बंद, माइक बंद. साहेबांनी नाव घेऊन काही विचारलं, तर बऱ्याच वेळानं उत्तर यायचं, तेही तुटक. दोनदा ती मध्येच निघून गेली. दोघा भावांतला थोरला म्हणाला, बाई झोपत असेल. कुणी हसलं, कुणी हसलं नाही. साहेब स्वभावानं वाईट नव्हते, पण त्यांनी एका सोमवारी घड्याळबाईला फोन केला आणि सांगितलं की वर्षअखेरीची पाहणी जवळ आलीय, मौनीच्या हजेरीचं आणि सहभागाचं एक टिपण काढून ठेवा, बहुधा तिच्या जागी दुसरं माणूस बघावं लागेल. तिनं 'हो' म्हटलं, पण फोन ठेवल्यावर तिचं चित्त लागेना. कागदावर एखाद्याचं वाईट लिहायचं, तर त्या माणसाशी एकदा बोलायला नको का? शाळेत असताना एका मास्तरांच्या नावापुढे तिनं 'वारंवार उशीर' असं लिहिलं होतं, आणि त्यांची आई महिनाभर इस्पितळात होती हे तिला फार नंतर कळलं होतं.

तिनं मौनीला निरोप टाकला की उद्या आपण दोघीच बोलू, तुझ्याकडे दुपारी दोन वाजता, मीच फोन करते. तक्त्यात बघून घेतलं. मौनीचे दोन म्हणजे आपले सकाळचे नऊ. दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला तिनं फोन लावला.

"मी दोन वाजता फोन घेऊन बसले होते," मौनी म्हणाली. आवाज थकलेला होता, पण तक्रारीचा नव्हता. "तासभर वाट बघितली. आता तीन वाजलेत, ताई."

घड्याळबाईनं पडद्याकडे बघितलं. तक्ता दोनच म्हणत होता. तिनं पुन्हा विचारलं, मौनीनं पुन्हा तीनच सांगितलं. मग घड्याळबाईनं तिची ओळ उघडली. बाकी तिन्ही ओळींत शहराचं नाव होतं. मौनीच्या ओळीत नुसता आकडा होता, अधिक दहा. जागतिक प्रमाणवेळेपेक्षा दहा तास पुढे.

हा आकडा तिनं स्वतःच घातला होता. मौनी नोकरीला लागली त्या दिवशी तिचं गाव प्लॅनरच्या यादीत सापडेना. लहानसंच गाव होतं. घाईत तिनं त्या दिवशीचा फरक बघून आकडा टाकला आणि पुढच्या कामाला लागली. आता शहराचं नाव दिलं, की तिथली घड्याळं कधी पुढे-मागे होतात हे प्लॅनरला ठाऊक असतं. आकडा दिला की ते बारा महिने तोच आकडा धरून चालतं. मौनीकडे उन्हाळा लागला की घड्याळं एक तास पुढे करतात, आणि त्याच सुमारास साहेबांकडे ती मागे जातात. एक पुढे, एक मागे, म्हणजे मौनीला दोन तासांचा फटका. तक्त्यात मात्र एकाच तासाचा दिसत होता. मीटिंगचं आमंत्रण तिच्या कॅलेंडरमध्ये बरोबर वेळेला जायचं, ती बरोबर वेळेला यायची, म्हणून दोन वर्षांत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पिवळ्या सहाला नव्हे, लाल सातला ती बसत होती.

"तुझ्याकडे सात वाजता काय चाललेलं असतं?" घड्याळबाईनं विचारलं.

मौनीनं सांगितलं. तिला जुळ्या मुली होत्या, वर्षाच्या. नवरा रुग्णवाहिका चालवायचा, संध्याकाळची पाळी, पावणेसातला घरातून निघायचा. सात ते आठ म्हणजे दोघींना भरवायचं, अंघोळ घालायची, निजवायचं. एक मांडीवर, एक खुर्चीत, आणि कानात साहेबांचा आवाज. माइक सुरू केला की रडणं ऐकू जाईल म्हणून ती बंदच ठेवायची. बोलायचं असेल तर आधी धाकटीला खाली ठेवायचं, मग ती आकांत करायची, आणि तोवर मीटिंग पुढे गेलेली असायची. मध्ये दोनदा ती निघून गेली तेव्हा थोरलीला ताप होता.

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणाला होतात, सगळ्यांच्या वेळा तक्त्यात बघूनच ठरवल्यात. मला वाटलं, सगळ्यांना जमतंय, मग मलाच का जमू नये."

"चूक माझी आहे," घड्याळबाई म्हणाली. " मी निस्तरते."

फोन ठेवून तिनं आधी ती ओळ दुरुस्त केली. मौनीच्याच प्रांतातलं, त्याच घड्याळावर चालणारं मोठं शहर यादीत होतं, ते घातलं. मौनीची ओळ एक चौकोन सरकली आणि मीटिंगखाली लाल सात आला. चारही हिरवे असा उभा पट्टा शोधायला गेलं तर कुठेच नाही. मौनीचा दिवस संपल्यावर तासाभरानं साहेबांचा सुरू होत होता. हिवाळाभर या टीमला सगळ्यांच्या सोयीचा एक क्षणही नव्हता, आणि दोन वर्षं कुणी तिकडे नीट बघितलंच नव्हतं. ती अर्धा तास नुसती त्या तक्त्याकडे बघत बसली. मग तिला दिसलं की मीटिंग साहेबांच्या घड्याळाला बांधली आहे, म्हणून सगळी ओढाताण मौनीच्या वाट्याला येते. ती आपल्या घड्याळाला बांधली तर? आपलं घड्याळ हलतच नाही. बारा महिने दुपारचे बारा. मग हिवाळ्यात साहेबांचे सात होतील, भावांचे आठ आणि मौनीचे सहा. एकट्या मौनीवर दोन तासांचा भार पडण्याऐवजी ज्याच्या त्याच्यावर एकेक तास. तिन्ही पिवळे, लाल कुणीच नाही.

साहेब कामाला येऊन रोजच्या मीटिंगमधून मोकळे होईपर्यंत तिला थांबावं लागलं. दुपारी तीनला, त्यांच्या सकाळच्या दहाला, तिनं फोन केला आणि आधी स्वतःची चूक सांगितली, मग बाकीचं. टिपण केलेलं नाही हेही सांगितलं. साहेब ऐकून घेत राहिले. सातची गोष्ट निघाली तेव्हा मात्र ते म्हणाले की सकाळी त्यांना मुलाला शाळेत सोडायला पावणेआठला निघावं लागतं, तासभर मीटिंग कशी होणार?

"तासभर कशाला?" ती म्हणाली. "अर्धाच तास घेऊ. तिचा नवराही पावणेसातपर्यंत घरी असतो. तुमचं पोरगं आणि तिच्या पोरी, दोन्ही सांभाळलं जाईल. उरलेलं आदल्या दिवशी लिहून पाठवायचं."

साहेबांनी लगेच होकार दिला नाही. एक आठवडा बघू, म्हणाले. मौनीचं काय करायचं, हा विषय घड्याळबाईनं ताणला नाही.

पुढच्या सोमवारी दुपारी बाराला चौघांच्या चौकटी पडद्यावर उघडल्या. साहेब स्वयंपाकघरात बसले होते, केस ओले. थोरला भाऊ आठला उठवलं म्हणून कुरकुरत होता. मौनीचा कॅमेरा त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच सुरू होता. मागच्या खोलीत कुणीतरी माणूस कडेवर एक आणि हाताला धरून एक अशा दोन पोरी सांभाळत फिरताना दिसला, मग दार लोटलं गेलं. नव्या आवृत्तीतल्या तारखांवर बोलणं सुरू झालं तेव्हा मौनीनं साहेबांना थांबवलं. ती म्हणाली की लिफ्टची पुढची तपासणी कधी हे सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतंय, महिन्याच्या एकतिसाव्या तारखेला नोंद केली तर पुढचा महिनाच गाळला जातो, आणि हे तिनं तीन आठवड्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं. भावांनी तिथल्या तिथे करून बघितलं. खरंच गाळला जात होता. धाकटा भाऊ खाली मान घालून लिहून घ्यायला लागला. मौनी आणखी चार गोष्टी बोलली, सावकाश आणि सविस्तर, आणि साडेसहाला तिनं सगळ्यांचा निरोप घेतला.

साहेबांनी वेळ तीच ठेवली. वर्षअखेरीच्या पाहणीत मौनीला काढण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट, तपासणीची यादी तीच ठरवेल असं साहेबांनी लिहून पाठवलं. थोरल्या भावानं झोपेच्या शेऱ्याबद्दल माफी मागितली की नाही, हे घड्याळबाईला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

नव्या वेळेच्या त्या पहिल्या आठवड्यात तिनं एक काम मात्र केलं होतं. चौघांनाही एकेकट्याला फोन करून विचारलं की तक्त्यात अमुक ते अमुक तास हिरवे आहेत, पण खरे किती? थोरल्या भावाचे दहानंतरचे निघाले, आणि तो ते सांगताना इतका ओशाळला की तिला हसू आवरेना. साहेबांचे बुधवारी दुपारी दोन तास दातांच्या डॉक्टरकडे जायचे. तिनं ज्याचं त्याचं भरलं, आणि तक्ता पहिल्यापेक्षा पुष्कळ फाटका दिसायला लागला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनिसानं विचारलं, डबा खाणार की नाही? साडेबारा वाजले होते. मीटिंग संपली होती, आणि डब्याची वेळ आता कुठे जाणार नव्हती. तिनं पडदा बंद केला आणि त्याच्या मागोमाग जेवणाच्या खोलीत गेली.