जे बदललं नव्हतं ते

एम.कॉम. मी मागे अर्ध्यावर सोडलं होतं. या वर्षी ऑफिसातल्या मैत्रिणीने नाव घातलं आणि मलाही ओढलं. नोकरी, घर सांभाळून सगळं नव्याने लिहून काढायचं त्राण माझ्यात नव्हतं. जुन्या नोट्स होत्या म्हणूनच मी हो म्हटलं, आणि नेमका अभ्यासक्रम बदलला.

रविवारी दुपारी ती वडाळ्याहून आमच्या चिंचपोकळीच्या खोलीवर आली. जेवणाची भांडी मोरीत तशीच ठेवून आम्ही दोन्ही अभ्यासक्रमांच्या प्रिंट शेजारी शेजारी पसरल्या. तिचा कायदा सोपा होता. नवीन आलेल्यावर पिवळी रेघ, गेलेल्यावर पेन्सिलची फुली, बाकीच्याला हात लावायचा नाही.

"तेच तेच परत लिहीत बसलीस तर परीक्षेपर्यंत तूच आऊट ऑफ सिलॅबस होशील," ती म्हणाली.

कॉन्ट्रॅक्ट कॉस्टिंग गेलं होतं. ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग नवीन आलं होतं, त्याच्या नोट्स तिने अंगावर घेतल्या. जुन्या चौथ्या युनिटमधलं स्टँडर्ड कॉस्टिंग नव्यात दिसेना, तेव्हा मी एवढी मोठी फुली मारली की कागद फाटायचा राहिला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

"थांब गं," ती म्हणाली. तिने शेवटच्या युनिटवर बोट ठेवलं. तिथे कॉस्ट कंट्रोल असं नवं शीर्षक होतं, आणि त्याच्या पोटात बजेटच्या खाली स्टँडर्ड कॉस्टिंग, जसंच्या तसं. "नुसती जागा बदललीय. फुली खोड. जुन्या नोट्स चालतील."

मी फाईल तिच्यापुढे सरकवली. तिने पान उलटलं, मग मागचं, मग पुढचं.

"अगं, हे अर्धंच आहे."

मालाच्या दरातल्या फरकाचं गणित होतं. ठरवलेला दर लिहिला होता, प्रत्यक्ष दर लिहिला होता, खाली बरोबरचं चिन्ह. त्या वेळी ते लिहीत असतानाच घरून फोन आला होता, आई स्वयंपाकघरात पडली म्हणून. त्यानंतर आई अंथरुणातून उठली नाही, आणि ती जाईपर्यंत मी ही फाईल उघडली नाही. तिचं केलं याचं मला वाईट वाटत नाही. पण ते पान पाहिलं आणि इतकी दमणूक दाटून आली की आडवं व्हावंसं वाटलं.

"नवीन नाही आणि गेलेलंही नाही," मैत्रीण हळूच म्हणाली. "याला काय करू?"

मी हायलायटर घेतला आणि त्यावर पिवळी रेघ ओढली.

ती उठली. पदर खोचून मोरीकडे गेली आणि नळ सोडला. "कर आत्ताच. भांडी मी बघते."

मी पेन घेतलं. नुसती वजाबाकी आणि मग एक गुणाकार राहिला होता. पण कशातून काय वजा करायचं, तेच मला आठवेना.